दोन प्यादी तिघांवर चालून जातात तेव्हा

बुद्धिबळातल्या हरलेल्या डावांचे कागद मी फेकत नाही. त्यातला एक बावीस ओळींच्या आत संपतो, आणि वाईट याचं वाटतं की त्या डावात मी पुस्तकातली योजना चालीबरहुकूम खेळलो होतो. नाव ठाऊक होतं: मायनॉरिटी अटॅक, म्हणजे थोड्या प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर केलेला हल्ला. कुठलं प्यादं कधी पुढे सरकवायचं, कुठे मारामारी करायची, शेवटी कुठलं प्यादं दुबळं पडतं, सगळं पाठ. दुबळं पडणारं प्यादं खरंच दुबळं पडलं. एकविसाव्या चालीला मी ते खाल्लंही. त्यानंतर काळ्याने एक घोडा हलवला आणि मी डाव सोडला.

कागदावर ते असं दिसतं:

```
1. d4 d5 2. c4 e6 3. Nc3 Nf6 4. cxd5 exd5 5. Bg5 Be7
6. e3 O-O 7. Bd3 Nbd7 8. Nf3 Re8 9. Qc2 Nf8 10. O-O c6
11. Rab1 a5 12. a3 Ng6 13. b4 axb4 14. axb4 Bd6 15. b5 h6
16. Bxf6 Qxf6 17. bxc6 bxc6 18. Na4 Bg4 19. Rb6 Bxf3
20. gxf3 Qxf3 21. Rxc6 Nh4 0-1
```

शेवटच्या चालीनंतर जी२ वर मात आहे. ती उंट ई४ वर फेकून एखाद-दोन चाली लांबवता येते, थांबवता येत नाही. माझा हत्ती सी६ वर ऐटीत बसला होता, त्याच्या समोर डी६ चा उंट आयता होता, आणि माझ्या राजाभोवती एफ१ च्या हत्तीखेरीज एकही मोहरा नव्हता.

हा कागद मी सरांपुढे ठेवला. सर म्हणजे ज्यांच्याकडे आम्ही काही जण शनिवारी डाव दाखवायला जायचो ते. त्यांनी चाली वाचल्या, चौदाव्या चालीपर्यंत पट मांडला आणि मग एक विचित्र गोष्ट केली. सगळे मोहरे एकेक करून उचलून खोक्यात टाकले. हत्ती, घोडे, उंट, दोन्ही वजीर, राजेसुद्धा. पटावर फक्त प्यादी राहिली.

"आता सांग, पांढरा काय करणार?"

"बी५," मी म्हणालो.

"का?"

मला "का" चं उत्तर देता आलं नाही. "तसंच खेळतात," एवढंच सुचलं, आणि ते तोंडातून निघण्याआधीच मला कळलं की हे उत्तर नव्हे.

रिकाम्या पटावरच्या त्या प्याद्यांचं चित्र नीट बघू. चौथ्या चालीला पांढऱ्याने सी-फाईलीतलं, म्हणजे सी या उभ्या रांगेतलं, प्यादं दिलं आणि काळ्याचं ई-फाईलीतलं प्यादं डी५ वर आलं. या एका अदलाबदलीतून पुढचं बरंच काही ठरलं. पांढऱ्याला सी-फाईल अर्धी मोकळी मिळाली: त्याचं प्यादं तिथे नाही, काळ्याचं सी६ वर आहे. काळ्याला तशीच ई-फाईल मिळाली. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी, ए आणि बी. समोर काळ्याची तीन, ए, बी आणि सी. राजाच्या बाजूला उलटं, पांढऱ्याची चार आणि काळ्याची तीन. मधोमध डी४ आणि डी५ एकमेकांना अडवून उभी. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात, त्या गावात १९२३ साली झालेल्या स्पर्धेवरून. ते गाव आज कार्लोव्ही वारी या नावाने चेकियात आहे.

साधं शहाणपण सांगतं की जिथे आपली प्यादी जास्त तिथे पुढे जावं, म्हणजे एखादं मोकळं सुटून वजीर होऊ शकतं. मग दोन प्याद्यांनी तिघांवर का चालून जायचं? सरांनी हाच प्रश्न विचारला, आणि मी गप्प बसल्यावर दोन बोटांनी बी-प्यादं ढकलत बी५ वर नेलं. तोवर ए-प्यादी एकमेकांत गेलेली होती. "आता काळ्याकडून खेळ," ते म्हणाले.

मी आधी सी६ ने बी५ मारलं. त्यांनी खोक्यातून एक घोडा काढून बी५ वर ठेवला, प्यादं परत घेतलं म्हणून. आता काळ्याचं डी५ एकाकी. त्याला आधार द्यायला ना सी-प्यादं आहे, ना ई-प्यादं. बी७ ही उघड्या बी-फाईलीवर एकटं उभं. मी चाल परत घेतली आणि सी५ खेळलो, पुढे पळून जाण्यासाठी. त्यांनी डी४ ने सी५ मारलं. मी तिथे मोहऱ्याने परत घेतलं तरी डी५ पुन्हा एकाकीच. तिसऱ्या खेपेला मी काहीच केलं नाही, बी५ ला तसंच राहू दिलं. त्यांनी सी६ वर मारलं, मी बी७ ने परत घेतलं. आता सी६ वर एक प्यादं, त्याच्या शेजारी बी-प्यादं नाही, डी-प्यादं त्याच्या पुढे निघून गेलेलं, आणि समोर पांढऱ्याची अर्धी मोकळी सी-फाईल. त्या प्याद्याला मोहऱ्यांनीच राखत बसावं लागतं, आणि तेच डी५ चा पाया आहे.

"तीन दारं होती, तिन्ही बघून झाली," सर म्हणाले. "कुठल्याही दाराने गेलास तरी काळ्याच्या घरात एक दुबळं प्यादं उरतं. पांढऱ्याला प्यादं जिंकायचं नाहीये. त्याला काळ्याची वजिराकडची तटबंदी विस्कटायची आहे. तिघांपैकी दोघांना अदलाबदलीत ओढलं की तिसरा उघडा पडतो. पांढऱ्याची दोन्ही जातात, मग पांढऱ्याकडे तिथे दुबळं व्हायला काही उरतच नाही. म्हणून थोड्यांनी जास्तांवर जायचं."

हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं, आणि मान्य करायला हरकत नाही की तोवर मी हा हल्ला दहा-बारा डावांत तरी खेळलेला होतो.

यातच एक बारीक गोष्ट आहे. डावात काळ्याने अकराव्या चालीला ए५ केलं आणि पुढे ए-प्यादी मारामारीत गेली. काळा हे का करतो? दोन कारणं. एक, ए-फाईल उघडून त्याच्या ए८ वरच्या हत्तीला जागच्या जागी काम मिळतं. दुसरं, ए७ चं प्यादं नाहीसं होतं. ते तिथेच राहिलं असतं तर सी६ वरच्या अदलाबदलीनंतर काळ्याच्या वजिराच्या बाजूला सी६ आणि ए७ अशी दोन दुबळी प्यादी उरली असती. तेव्हा ए५ ही घाबरून केलेली चाल नव्हती. आपलं एक दुखणं आधीच कापून टाकण्याची ती चाल होती. माझ्या मनात मात्र ती "काळ्याने हल्ल्याला मदत केली" अशी नोंदली गेली होती.

मग सरांनी खोकं उलटं करून मोहरे परत मांडले, पुन्हा चौदाव्या चालीपर्यंत. उंट डी६ वर आलेला. प्याद्यांनी सांगितलं कुठे खेळायचं. आता मोहऱ्यांना विचारायचं होतं की आत्ता का.

काळ्याचे मोहरे कुठे बघत होते? डी६ चा उंट थेट एच२ कडे. जी६ चा घोडा एच४ किंवा एफ४ वर एका उडीत. सी८ चा उंट अजून हललेला नाही, पण त्याच्यासमोरची तिरकी रेघ जी४ पर्यंत मोकळी. ई८ चा हत्ती अर्ध्या मोकळ्या ई-फाईलीवर. काळ्याचा वजीर तेवढा डी८ वर अडकलेला, कारण एफ६ चा घोडा माझ्या जी५ च्या उंटाने जखडून ठेवला होता. माझ्या राजाजवळ राखणीला एफ३ चा एकटा घोडा.

आणि मी काय केलं? पंधराव्या चालीला बी५. काळ्याने एच६ करून माझ्या उंटाला विचारलं, आणि मी एफ६ वर मारामारी केली. काळ्याचा वजीर एफ६ वर आला. "ही तुझी खरी चूक," सर म्हणाले, "बी५ नाही. वजीर तिकडे जायला वाटच नव्हती. तू उंट देऊन त्याला गाडीत बसवून आणलास."

मी म्हटलं, एच६ झाल्यावर दुसरं काय करणार? एच४ वर मागे गेलो तर जी६ चा घोडा उंट खातो.

"बरोबर. म्हणजे चूक त्याच्याही आधीची."

त्यांनी पट बाराव्या चालीपर्यंत मागे नेला. काळ्याने नुकताच घोडा जी६ वर नेलाय, उंट अजून ई७ वरच आहे. इथे त्यांनी माझ्या उंटाने एफ६ वर मारलं. आता काळा परत कशाने घेणार? जी-प्याद्याने घेतलं तर राजासमोरची भिंत स्वतःच्या हाताने फोडल्यासारखं. म्हणून ई७ च्या उंटाने घ्यावं लागतं, आणि तो उंट एफ६ वर येऊन डी४ कडे बघत बसतो. माझ्या राजाशी त्याचा संबंध सुटला. त्यानंतर बी४, मारामारी, बी५ सगळं तसंच. काळ्याला तो उंट डी६ वर आणायचाच असेल तर एफ६ वरून आधी ई७ आणि मग डी६, दोन चाली.

त्यांनी तसं खेळून दाखवलं. सतराव्या चालीला बी७ ने सी६ परत घेतलं, काळ्याचा उंट डी६ वर, घोडा जी६ वर, चाल पांढऱ्याची. माझ्या डावातही नेमकी हीच वेळ होती, अठरावी चाल, पांढऱ्याची पाळी. फरक शोधायला मला थोडा वेळ लागला. माझ्या डावात काळ्याचा वजीर एफ६ वर होता आणि एच६ झालेलं होतं. इथे वजीर डी८ वर, एच-प्यादं घरीच. बाकी सगळं सारखं. योजना तीच, प्यादी तीच, दुबळं प्यादंही तेच. पण मारामारी तीन चाली आधी केल्यामुळे काळ्याच्या हल्ल्यातल्या दोन चाली कमी झाल्या होत्या. अर्थात फुकट काही नाही. दोन्हीकडे मी उंट देऊन घोडा घेतला, काळ्याकडे दोन्ही उंट राहिले. पण इथे निदान त्याची किंमत वसूल होत होती.

माझ्या डावातल्या शेवटच्या चालींकडे सरांनी फारसं लक्ष दिलं नाही. अठराव्या चालीला मी घोडा सी३ वरून ए४ वर नेला, सी५ चं घर धरण्यासाठी. तसं ते चुकीचं नाही. सी६ चं प्यादं सी५ वर सरकून निसटू नये म्हणून सी५ वर नजर हवीच. पण तो घोडा राजापासून आणखी लांब गेला त्याच वेळी काळ्याने उंट जी४ वर आणला, एकट्या राखणदारावर. मग मी हत्ती बी६ वर नेला. आता तो कागद पाहिला की माझ्या हावरेपणाचं हसू येतं. सी६ कुठे पळून जाणार होतं? ते सगळा डाव तिथेच उभं राहणार होतं. दुबळ्या प्याद्याचं वैशिष्ट्यच ते. मी मात्र ते कुणी उचलून नेईल अशा घाईत होतो.

याच घरासंबंधी आणखी एक चूक मी अनेकांच्या डावांत पाहिली आहे. सी५ हे घर पांढऱ्याच्या घोड्यासाठी फार सुंदर ठाणं आहे. तिथून त्याला हाकलायला काळ्याकडे बी-प्यादं उरलेलं नसतं. घोडा तिथे बसला की बघणाऱ्याला वाटतं, झालं, जिंकलं. पण सी५ वर घोडा बसला की सी-फाईल पांढऱ्याने स्वतःच बंद केली. मागचे हत्ती आणि वजीर घोड्याच्या पाठीकडे बघत बसतात, सी६ पर्यंत त्यांची नजर पोहोचतच नाही. घोड्याचं काम प्याद्याला जागेवर खिळवण्याचं. ते झालं की त्याला तिथून हलवून, शक्य असेल तर ई५ वर आणून, सी६ वर बाजूने दाब द्यायचा आणि फाईल हत्तींना मोकळी करून द्यायची. सुंदर दिसणाऱ्या घरात मोहरा विसरून जाणं हा माझा जुना रोग आहे.

त्या दिवशी उठताना सरांनी एक डाव शोधायला सांगितला: बोटविनिक विरुद्ध केरेस, सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा, १९५२. मी शोधला आणि पहिल्या दहा-अकरा चाली बघून म्हटलं, हा तर माझाच डाव. तीच रचना, ई८ वर हत्ती, घोडा एफ८ वर, सी६. अकराव्या चालीला बोटविनिकने हत्ती ए१ वरून बी१ वर नेला, मीही तेच केलं होतं. या चालीचा अर्थ जगजाहीर आहे: आता बी४ येणार. केरेसने उंट डी६ वर आणला आणि घोडा जी६ वर, म्हणजे राजाच्या बाजूला हल्ल्याची तयारी. माझ्या प्रतिस्पर्ध्यानेही हेच केलं होतं.

पुढे मात्र बी४ आलंच नाही. बोटविनिकने राजा कोपऱ्यात एच१ वर नेला आणि एफ३ केलं. केरेसने उंट परत ई७ वर घेतला. आणि चौदाव्या चालीला, जो हत्ती तीनच चालींपूर्वी बी१ वर नेला होता तोच बोटविनिकने ई१ वर आणला. मी थांबून ही चाल दोनदा वाचली, छपाईची चूक असेल म्हणून. चूक नव्हती. विसाव्या चालीला ई४, बाविसाव्याला ई५, आणि त्यानंतर पांढऱ्याचा घोडा डी६ वर जाऊन बसला. बोटविनिक जिंकला. वजिराच्या बाजूचं बी-प्यादं त्या लढाईत होतंच कुठे!

म्हणजे त्याच प्याद्यांच्या चित्रात दुसरी एक योजनाही लपलेली होती. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी आहेत, काळ्याची तीन. चाराच्या जोरावर मधून ई४ करायचं आणि पुढे रेटायचं. मग माझ्या डावात हे का नाही? उत्तर नवव्या चालीत आहे. बोटविनिकने राजाकडचा घोडा एफ३ वर नाही, ई२ वर ठेवला होता. घोडा एफ३ वर असला की एफ-प्यादं त्याच्या मागे अडकतं. ई२ वर असला की एफ३ करता येतं आणि ई४ ला पाठबळ मिळतं. घोडा कुठल्या घरात ठेवायचा हे आठव्या-नवव्या चालीला ठरवताना मी कधी क्षणभरही विचार केला नव्हता. मला ती एक विकासाची चाल वाटायची. खरं तर तिथेच दोन योजनांपैकी कुठली सोपी आणि कुठली अवघड हे ठरून जात होतं.

आणि हत्तीच्या त्या येरझारीचं काय? मला ती वाया गेलेली चाल वाटत नाही. माझं मत असं, की बी१ चा हत्ती पाहून काळा आपले मोहरे ज्या घरांकडे वळवतो, ती घरं ई४ येतं तेव्हा बरोबर असतीलच असं नाही. केरेसचा उंट ई७ वरून डी६ आणि परत ई७ असा फिरला, त्यात त्याच्याही दोन चाली गेल्या. हिशेब बरोबरीचा. पण बरोबरीच्या हिशेबानंतर पांढऱ्याचा हत्ती ई४ मागे उभा होता, आणि काळ्याचा उंट मूळच्या घरीच. बोटविनिकने आधीपासून हे ठरवलं होतं की काळ्याच्या चाली बघून बेत बदलला, हे मी ठामपणे सांगणार नाही. पटावर जे दिसतं ते एवढंच.

यानंतर काही महिने मी मुद्दाम काळ्याकडून ही रचना खेळलो. समोरचा माझ्यासारखाच असावा अशी आशा होती, आणि बहुतेक वेळा ती पुरी झाली. काळ्याकडून बसलं की वेगळ्या गोष्टी दिसतात. सगळ्यात आवडलेलं घर डी६, पण उंटासाठी नाही, घोड्यासाठी. एफ६ चा घोडा ई४ वरून किंवा ई८ वरून डी६ वर आणला की तो बी५ कडे बघतो, सी४ कडे बघतो आणि ई४ कडेही. पांढऱ्याच्या दोन्ही योजनांवर एकाच जागेवरून पहारा.

दुसरी एक खेळी मला पहिल्यांदा मूर्खपणाची वाटली होती. पांढऱ्याने बी४ केलं की काळा स्वतःच बी५ करतो. सी६ चं प्यादं आपण होऊन मागे टाकलं, त्याला कायमचं दुबळं केलं! पण काळ्याचा घोडा डी७ वर असेल तर तो बी६ मार्गे सी४ वर जातो आणि तिथे बूच बसतं. सी-फाईल घोड्याने बंद, सी६ त्याच्या आड झाकलेलं, आणि पांढऱ्याचं बी४ आता कुठे जाऊ शकत नाही. हल्ला संपला. ही खेळी कधी चुकते तेही अनुभवाने कळलं. घोडा एफ८ किंवा जी६ वर निघून गेलेला असेल तर सी४ फार लांब पडतं. काळा तिथे पोहोचेपर्यंत पांढरा स्वतःचा घोडा डी२ आणि बी३ वरून सी५ वर आणतो, नाहीतर मध्येच ई४ फोडतो. एकदा माझा घोडा जी६ वर असताना मी पुस्तकात वाचलं म्हणून बी५ केलं, आणि पुढचा सगळा वेळ सी६ राखण्यात गेला. पाठांतराचा रोग पांढऱ्या-काळ्यात भेद करत नाही.

पांढऱ्याकडून हाच हल्ला मी पुन्हा खेळलो तो डावही कागदावर आहे. या वेळी उंटाची मारामारी तेराव्या चालीला, ई७ च्या उंटालाच परत घ्यायला लावून. काळ्याने हल्ल्याचा नाद केला नाही, एकेक मोहरा बदलत गेला. बी५, सी६ वर मारामारी, एकटं सी६ उरलं. मी हत्ती सी१ वर, वजीर सी२ वर, घोडा ई५ वर. सगळं जसं असावं तसं. काळ्याने हत्ती सी८ वर, उंट डी७ वर ठेवला आणि शांत बसला. मी आणखी मोहरे बदलले, कारण मोहरे कमी झाले की दुबळं प्यादं जास्त दुबळं होतं असं मला वाटत होतं. वजीर गेले, घोडे गेले, एक-एक हत्ती राहिला. आणि तेव्हा काळ्याचा राजा निघाला. एफ८, ई७, डी६. आता सी६ ला हत्तीही राखत होता आणि राजाही, आणि माझ्याकडे दाब द्यायला एकच हत्ती. पन्नाशीच्या आसपास बरोबरी.

डाव संपल्यावर आम्ही दोघं पटापाशीच बसलो. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवून बोलायचे.

"तुम्ही सी६ वर तीस चाली नजर लावून बसलात," ते म्हणाले. "मला एवढंच काम होतं, ते मी करत होतो. तुम्ही दुसरीकडे कुठे काही उकरलं असतं तर मला दोन ठिकाणी पळावं लागलं असतं, आणि माझे हत्ती तेवढे चपळ नव्हते."

मी विचारलं, कुठे उकरायला हवं होतं?

त्यांनी वजीर आणि घोडे परत पटावर ठेवले, पंचविसाव्या चालीची स्थिती मांडली. ई४ मोकळं होतं. राजाकडे माझी चार, त्यांची तीन. सी६ राखायला त्यांनी दोन मोहरे बांधून ठेवले होते, ते मध्यात ई४ फुटल्यावर वेळेत परत आले नसते. त्यांनी माझं ई-प्यादं दोन बोटांनी उचललं, ई४ वर ठेवलं, आणि मग मला पांढऱ्याकडून पुढे खेळायला सांगून घड्याळ परत लावलं.

तो डाव आम्ही कागदावर लिहिला नाही.